सूर बदला, तारीख नको

आपल्या मंडळात एक काम असं आहे, ज्याला पद नाही आणि मानधनही नाही. कोणीतरी रागात किंवा घाईत निरोप लिहितो आणि मग दुसऱ्या कोणाला सांगितलं जातं, "अगं, जरा नीट करून दे ना, फारच तिखट झालंय." मग ती दुसरी व्यक्ती "द्यायचा" चं "द्यावा" करते, वर "नमस्कार" घालते, खाली आभार मानते आणि निरोप सगळ्यांना जातो. साहित्याचे विद्यार्थी म्हणून हे काम आपल्याकडेच येतं, कारण लोकांना वाटतं की यांना भाषा येते.

माझं म्हणणं असं आहे की या कामात भाषा येणं हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग हिशेबनिसाचा आहे. मूळ निरोपात जी तारीख होती, जो आकडा होता, जो शब्द दिला होता, तो नव्या निरोपात जसाच्या तसा आहे की नाही, हे मोजून बघायचं. हा भाग आपण सहसा करत नाही. निरोप गोड झाला की आपल्याला तो झाला असंच वाटतं.

नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक नमुना घेते. नमुना मी बनवलेला आहे, पण असे निरोप तुम्ही सगळ्यांनी वाचले आहेत. समजा, मंडळाची सहल रद्द झाली आणि सोमवार १२ जानेवारी २०२६ रोजी खजिनदाराने हे लिहिलं:

"सहल रद्द झाली आहे. ४६ जणांनी प्रत्येकी १,२०० रुपये भरले होते. प्रत्येकी ३५० रुपये बससाठी आगाऊ गेले, ते परत मिळणार नाहीत. उरलेले ८५० रुपये मी २४ जानेवारीपर्यंत प्रत्येकाच्या खात्यावर जमा करणार. पावती आणि खाते क्रमांक शुक्रवार १६ जानेवारी, संध्याकाळी ४ च्या आत माझ्याकडे द्यायचा. पावती नाही तर पैसे नाहीत. हरवली असेल तर सरांच्या सहीचा अर्ज चालेल. नंतर येऊन कटकट करू नका. कोणाचीही सबब ऐकून घेणार नाही."

तिखट आहे, हे खरं. आता कोणीतरी चांगल्या मनाने तो मऊ केला:

"नमस्कार मित्रमैत्रिणींनो! काही अपरिहार्य कारणांमुळे आपली सहल रद्द करावी लागत आहे, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. बसच्या आगाऊ रकमेचा काही भाग वजा करून साधारण ८५० रुपये जानेवारीच्या अखेरीस सर्वांना परत करण्यात येतील. त्यासाठी कृपया आपली पावती व खात्याचा तपशील पुढच्या शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावा. पावती नसल्यास सरांशी संपर्क साधावा. कोणाचंही नुकसान होणार नाही याची आम्ही काळजी घेऊ. आपल्या सहकार्याबद्दल आभार!"

हा दुसरा निरोप एकदा वाचला तर त्यात काहीच खटकत नाही. वाक्यं सरळ आहेत, व्याकरण ठीक आहे, सूर सभ्य आहे. खरी गोची हीच आहे. जे गळालं ते नव्या मजकुरात नसतंच, मग ते दिसणार कसं? नवा मजकूर कितीही वेळा वाचला तरी तो आपल्याला आपल्यातलं भोक दाखवणार नाही. भोक दिसतं ते फक्त मूळ निरोप शेजारी ठेवला की.

शेजारी ठेवून बघू. २४ जानेवारीची "जानेवारीची अखेर" झाली. म्हणजे ३१ तारीख धरली तर सात दिवस पुढे. ज्याच्या घरून पैसे वेळेवर येतात त्याला सात दिवसांनी काही बिघडत नाही. पण ज्या मुलीने हे ८५० रुपये परत आले की परीक्षेचा अर्ज भरायचा असं ठरवलं होतं आणि ज्या अर्जाची शेवटची तारीख २७ आहे, तिच्यासाठी या "अखेरी"चा अर्थ वेगळा आहे. खजिनदाराने तिला २४ ची खात्री दिली होती. सूर बदलणाऱ्याने ती काढून घेतली. त्याला कोणी तसा अधिकार दिला नव्हता आणि त्याने तसं ठरवूनही केलं नव्हतं. "२४ जानेवारीपर्यंत" हे त्याला जरा करकरीत वाटलं, एवढंच.

शुक्रवारचं बघा. मूळ निरोपात वार, तारीख, वेळ तिन्ही होती. नव्यात "पुढच्या शुक्रवारपर्यंत" आहे. सोमवारी वाचणाऱ्याला पुढचा शुक्रवार म्हणजे चार दिवसांनी येणारा १६ तारखेचा वाटेल, की या आठवड्यानंतरचा २३ तारखेचा? दोन्ही अर्थ मराठीत चालतात. एकाच वर्गातली दोन मुलं दोन वेगवेगळ्या शुक्रवारी पावती घेऊन येतील आणि दोघांचंही वाचन बरोबर असेल. त्यात "संध्याकाळी ४" पार गेलंच. काणकोणहून कदंबाने येणारी मुलगी त्या दिवशी पाच वाजता खजिनदाराला शोधत फिरेल, तेव्हा तिला सांगणार काय?

पैशांचं वाक्य तर आणखी नाजूक आहे. "साधारण ८५०" मध्ये आकडा तोच आहे, म्हणून वरवर तपासणाऱ्याला तो शाबूत वाटतो. पण "साधारण" या एका शब्दाने ८५० चे ८०० देण्याची मुभा तयार झाली. "३५०" चा "काही भाग" झाला आणि तोही "आगाऊ रकमेचा काही भाग". मुळात बससाठी दिलेली आगाऊ रक्कम पूर्णच वजा होत होती. १,२०० उणे ३५० बरोबर ८५० हा हिशेब वाचणाऱ्याला स्वतः करून बघता येत होता. आता १,२०० ही नाही आणि ३५० ही नाही, त्यामुळे त्याला नुसता विश्वास ठेवावा लागतो. ४६ हा आकडा गेल्यामुळे एकूण ३९,१०० रुपये परत जायचे आहेत हेही कोणाला काढता येत नाही. मंडळाच्या पैशांच्या बाबतीत ही छोटी गोष्ट नव्हे.

मग "मी". मूळ निरोपात "मी जमा करणार" असं आहे. नव्यात "परत करण्यात येतील". कोणाकडून? आपल्या मराठीला हा कर्मणी प्रयोग फार आवडतो, सरकारी पत्रापासून लग्नपत्रिकेपर्यंत. त्याने वाक्य भारदस्त होतं, पण माणूस नाहीसा होतो. २५ तारखेला पैसे आले नाहीत तर कोणाला विचारायचं, ते मूळ निरोपातून कळत होतं. वचनातली तारीख आणि रक्कम जितकी महत्त्वाची, तितकाच ते देणारा माणूसही.

आतापर्यंत गळालेल्या गोष्टी पाहिल्या. आता वाढलेल्या. "कोणाचंही नुकसान होणार नाही याची आम्ही काळजी घेऊ" हे वाक्य मूळ निरोपात कुठेच नाही. उलट प्रत्येकाचं ३५० रुपयांचं नुकसान होणार हे तिथे स्पष्ट लिहिलं होतं. मऊपणाच्या ओघात एक नवीन वचन दिलं गेलं, तेही खजिनदाराच्या वतीने आणि त्याला न विचारता. उद्या कोणी हा निरोप दाखवून ३५० मागितले तर तो चुकीचा ठरणार नाही. "सर्वांना" हा शब्दही तसाच. मूळ अट होती, पावती किंवा सहीचा अर्ज आणेल त्याला. "अपरिहार्य कारणांमुळे" हेही वाढवलेलंच. कारण काय होतं ते मुळात सांगितलेलं नव्हतं, मग ते अपरिहार्य होतं हे आपण कसं ठरवलं? गळालेलं शोधायला आपण निदान कधीतरी जातो, वाढलेलं शोधायला मात्र कोणीच जात नाही, कारण वाढलेलं नेहमी चांगलंच वाचायला लागतं.

आणि आता जरा अवघड भाग. "नंतर येऊन कटकट करू नका. कोणाचीही सबब ऐकून घेणार नाही." ही दोन वाक्यं नव्या निरोपातून पूर्ण काढली आहेत आणि कोणालाही वाटेल की बरंच केलं. पण नीट बघा. पहिलं वाक्य नुसता राग आहे, ते जाऊ द्या. दुसऱ्यात रागाच्या आत एक नियम लपलेला आहे. मुदत कोणासाठीही वाढणार नाही, हा तो नियम. सबब ऐकणार नाही ही भाषा गेली तरी चालेल, पण मुदत वाढणार नाही ही माहिती गेली तर चालणार नाही. सूर बदलण्यातलं खरं कौशल्य इथे लागतं. उद्धट वाक्य सरसकट खोडायचं नाही. आधी विचारायचं, या वाक्याने वाचणाऱ्याला काही नवीन कळतं का? कळत असेल तर ते सभ्य शब्दांत परत लिहायचं.

हे सगळं टाळायचं कसं? मी स्वतः जी पद्धत वापरते ती अगदी वाण्याच्या यादीसारखी आहे. निरोपाला हात लावण्याआधी मूळ मजकुरातून यादी काढायची. एका ओळीत एक गोष्ट. वरच्या नमुन्याची यादी अशी होईल: सहल रद्द. ४६ जण. प्रत्येकी १,२०० भरले. प्रत्येकी ३५० परत नाहीत. ८५० परत, खजिनदार स्वतः देणार, खात्यावर, २४ जानेवारीपर्यंत. पावती आणि खाते क्रमांक खजिनदाराकडे, शुक्रवार १६ जानेवारी, संध्याकाळी ४ च्या आत. पावती नसेल तर सरांच्या सहीचा अर्ज. दोन्ही नसतील तर पैसे नाहीत. मुदत वाढणार नाही. एवढीच यादी, दोन मिनिटांचं काम.

यादी आधी काढण्यावर माझा भर आहे, कारण नंतर काढली तर आपण ती नकळत नव्या मजकुरावरून काढतो. आपण स्वतःच लिहिलेलं वाक्य डोक्यात ताजं असतं, मूळ पुसट झालेलं असतं.

मग सूर बदला, हवा तसा. झाल्यावर यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर नव्या निरोपातले नेमके शब्द शोधा. "अर्थ आलाय" असं म्हणून पुढे जायचं नाही, शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे. त्यानंतर उलट दिशेने जा. नव्या निरोपातला प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख आणि "करू", "देऊ", "होईल" असं प्रत्येक क्रियापद घ्या आणि ते यादीत आहे का बघा. पहिल्या फेरीत गळालेलं सापडतं, दुसऱ्या फेरीत वाढलेलं. एकाच फेरीत दोन्ही सापडत नाही.

दुसऱ्या फेरीत लहान शब्दांकडे जास्त लक्ष द्या. साधारण, सुमारे, शक्यतो, लवकरच, सर्व, फक्त, किमान, प्रत्येकी. आकडा तसाच ठेवून त्याचा अर्थ फिरवण्याची ताकद यांच्यात आहे. "८५० रुपये प्रत्येकी" मधला "प्रत्येकी" गेला तर काय होईल, विचार करा. "देईन" चं "देण्याचा प्रयत्न करीन" झालं तर वचन संपलं, आणि वाचताना ते अधिक नम्रच वाटतं.

आपल्यापैकी बरेच जण निरोप आधी इंग्रजीत लिहितात आणि सूर बदलताना तो मराठीत आणतात. तिथे आणखी काही खड्डे आहेत. इंग्रजीतलं "इन अ वीक" मराठीत सहज "आठ दिवसांत" होतं, कारण आपल्याकडे आठवड्याला आठ दिवस म्हणायची रीतच आहे. बोलताना ते चालतं, पण पैशांच्या मुदतीत एक दिवस कोणाच्या तरी खिशातून जातो. तिथे सरळ तारीख लिहावी. "परवा" तर लिहूच नये, कारण तो झालेला दिवसही असतो आणि येणारा दिवसही. "यू शुड गेट इट बाय ट्वेंटी-फोर्थ" यात नुसता अंदाज आहे, पण मराठीत "२४ पर्यंत मिळतील" म्हटलं की वचन होतं. आकडे देवनागरीतून इंग्रजीत किंवा उलट नेताना ते हाताने टाईप न करता मूळ बघून एकेक जुळवावेत. घाईत लिहिलेला देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा आणि देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरीही लिहायला लावतात ती उगाच नाही. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यात तर असंच आहे की दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. मोठ्या रकमेच्या निरोपात आपणही "अक्षरी" लिहायला काय हरकत आहे?

एक मर्यादाही सांगते. या तपासणीने मूळ निरोप बरोबर होता की नाही ते कळत नाही. समजा मूळ निरोपातच "शुक्रवार १७ जानेवारी" लिहिलं असतं. त्या वर्षी १७ ला शनिवार येतो. मग वार बरोबर की तारीख? सूर बदलणाऱ्याने आपल्या मनाने एक निवडून दुसरं दुरुस्त करायचं नाही. फोन करायचा आणि विचारायचं. दुरुस्ती करण्याचा हक्क ज्याने वचन दिलं त्याचा.

कोणी म्हणेल, एवढे आकडे ठेवले तर निरोप परत कोरडाच होणार. मला तसं वाटत नाही. मऊपणाला जागा भरपूर आहे, सुरुवातीला, शेवटी, विनंतीच्या क्रियापदात. आकड्यांच्या जागेवर त्याने बसू नये एवढंच. हे बघा:

"नमस्कार. सहल रद्द झाली, याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटतंय. ४६ जणांनी प्रत्येकी १,२०० रुपये भरले होते. त्यांपैकी प्रत्येकी ३५० रुपये बससाठी आगाऊ दिले गेले आणि ते परत मिळणार नाहीत. उरलेले ८५० रुपये मी २४ जानेवारीपर्यंत प्रत्येकाच्या खात्यावर जमा करीन. त्यासाठी पावती आणि खाते क्रमांक कृपया शुक्रवार १६ जानेवारी, संध्याकाळी ४ च्या आत माझ्याकडे द्यावा. पावती हरवली असेल तर सरांच्या सहीचा अर्ज चालेल. पावती किंवा अर्ज यांपैकी एक नसेल तर पैसे देता येणार नाहीत. ही मुदत कोणासाठीही वाढवता येणार नाही, म्हणून वेळ पाळावी ही विनंती. धन्यवाद."

यादी घेऊन दोन्ही दिशांनी तपासा. सगळं आहे आणि नवीन वचन एकही नाही. "काही अडचण आल्यास नक्की सांगा, आपण मार्ग काढू" हे वाक्य मी मुद्दाम घातलं नाही. छान वाटलं असतं, पण मार्ग काढणार की नाही हे खजिनदाराने सांगितलेलं नाही.

शेवटची एक तपासणी सगळ्यात स्वस्त आहे. मूळ निरोप ज्याने पाहिलेला नाही अशा एकाला नवा निरोप द्या आणि चार प्रश्न विचारा. मला किती मिळणार? कोण देणार? कधीपर्यंत? त्यासाठी मी काय करायचं आणि केव्हाच्या आत? तो अडखळला नाही तर पाठवा. अडखळला तर निरोप अजून आपल्याकडेच आहे, कोणाचे पैसे अडकलेले नाहीत आणि मूळ कागद शेजारीच पडलेला आहे.